काच की टिन: दोन वचनं एकत्र पाळता येत नसतील तेव्हा

प्रश्न: आमचा लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा छोटा ब्रँड आहे. लेबलवर पहिल्यापासून दोन गोष्टी लिहितो: '१०० टक्के प्लास्टिकमुक्त' आणि 'घाण्यावरचं ताजं तेल, जसंच्या तसं तुमच्या घरी'. आता कुरिअरने बाहेरगावी पाठवतो, तर शंभरातल्या आठेक काचेच्या बाटल्या फुटतात. लिटरमागे आमचा खर्च २८० रुपये, कुरिअर ९०. प्लास्टिकची बाटली घेतली तर जुने ग्राहक नाराज होतील. कोणतं तत्त्व सोडायचं?

उत्तर:

आधी एक खात्री करून घ्या, की भांडण खरोखर दोन तत्त्वांचंच आहे. अमेरिकेतल्या सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीने २०१४ मध्ये सिगारेट विकणं थांबवलं आणि वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलरची विक्री सोडली. निर्णय मोठाच, पण तिथे एका बाजूला आरोग्य होतं आणि दुसऱ्या बाजूला गल्ला. किंमत मोजायची तयारी असली की प्रश्न मिटतो. तुमच्याकडे आठ बाटल्या पुन्हा पाठवायच्या म्हणजे ३७० गुणिले आठ, साधारण तीन हजार रुपये, म्हणजे पार्सलमागे तीसेक रुपये. एवढंच असतं तर किंमत तीस रुपयांनी वाढवा म्हणालो असतो. पण आठ जणांच्या घरी तेलाने भिजलेलं खोकं जातं, ते तीस रुपयांत भरून येत नाही.

खऱ्या पेचाचं उदाहरण पॅटागोनिया या भटकंतीचे कपडे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं आहे. त्यांची दोन वचनं: कपडा वर्षानुवर्षं टिकला पाहिजे आणि निसर्गाची हानी कमीत कमी झाली पाहिजे. पावसाळी जॅकेटवर पाणी थांबू नये म्हणून जो थर देतात, त्यातली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. ती काढावीत तर त्या काळचे पर्यायी थर लवकर निकामी व्हायचे. जॅकेट लवकर टाकून नवं घ्यावं लागलं तर तीही हानीच. त्यांनी टिकाऊपणा वर ठेवला, आधी त्याच रसायनांच्या लांब रेणूसाखळीच्या प्रकारावरून आखूड साखळीच्या प्रकारावर आले, आणि हा उपाय पुरेसा नाही हे स्वतःच जाहीरपणे सांगत राहिले. मुद्दाम घातलेली अशी रसायनं नव्या मालातून पूर्ण जायला २०२५ चा वसंत हंगाम उजाडला. मधल्या काळात टीका झालीच. पण 'आमचं जॅकेट निसर्गस्नेही आहे' असं छापून ते मोकळे झाले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमचं तेल. मी ब्रँडवाल्यांना एकच प्रश्न विचारतो: यातलं कोणतं वचन ग्राहकाला स्वतः तपासता येत नाही? बाटली कशाची आहे हे त्याला दिसतं. तेल कधी गाळलं, उन्हात किती राहिलं, हे दिसत नाही. तिथे तो फक्त तुमच्या शब्दावर पैसे देतो. म्हणून ताजेपणा वर, प्लास्टिक खाली. आणि हा क्रम लावला की पारदर्शक काचही तितकी निर्दोष राहत नाही, कारण उजेडाने तेल खवट व्हायला मदत होते. शिवाय काचेची बाटली कुरिअरने जाते ती बबलरॅपमध्ये गुंडाळूनच ना? मग प्लास्टिकमुक्त काय राहिलं?

बाहेरगावासाठी एक लिटरचा टिनचा डबा घ्या. उजेड आत जात नाही, फुटत नाही, वजनही काचेपेक्षा बरंच कमी. पाच लिटरचा मोह टाळा. छोट्या घरात उघडा डबा दोन-तीन महिने चालतो आणि ताजेपणाचं वचन तिथेच मोडतं. टिनला पोचा पडतो, शिवणीतून तेल पाझरतं, म्हणून पहिल्या खेपेतले काही डबे एक रात्र कागदावर आडवे ठेवून डाग पडतो का बघा. गावात स्वतः पोचवता तिथे काच चालू ठेवा, अनामत घेऊन बाटली परत घ्या. टिन मात्र परत भरू नका, खाद्यतेलासाठी वापरलेला टिन पुन्हा वापरायला नियमाने मनाई आहे. ग्राहकाच्या कॅनमध्ये सुटं तेल ओतून देण्याचा विचार असेल, तर सुट्या खाद्यतेलावरही बंदी आहे, राज्य सरकारने सूट दिली असेल तरच चालतं.

यात तुमचं काय जातं? 'प्लास्टिकमुक्त' हा शब्द. टिनच्या डब्याचं बूच बहुधा प्लास्टिकचंच असतं. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दावा नेमका हवा आणि पुरावा हवा. '१०० टक्के' तसंही काढावंच लागेल. त्याजागी सरळ लिहा: 'डबा पत्र्याचा, बूच प्लास्टिकचं.' जुन्या ग्राहकांना नवं पार्सल हातात पडायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, सोबत आठ फुटक्या बाटल्यांचा हिशेबही द्या. काही जण तरी सोडून जातील. ज्यांनी तेलापेक्षा काचेसाठी तुम्हाला निवडलं होतं ते जाणारच, आणि त्यांना थांबवायला टिनवर हिरवी पानं छापू नका.