थर्ड शिफ्ट संपते त्या रविवारी काय करायचं

भावा, चाकणला ११ वर्षं तिन्ही शिफ्ट करतोय. नाईटचे दिवस निघतात, खरी गडबड होते ती नाईटवरून फर्स्टला येताना. रविवारी सकाळी ७ ला सुटलास की बसमध्येच काळा गॉगल लाव, डोळ्यावर ऊन आलं की झोप उडते. घरी थोडं पोहे-बिहे खाऊन साडेआठला झोप आणि १२ चा अलार्म लाव, उठवत नाही तरी ऊठच. मी सुरुवातीला संध्याकाळी ५ पर्यंत झोपायचो, मग रात्री २ पर्यंत टक्क जागा आणि सोमवारी मशीनवर डुलक्या, तिथं बोट जायला वेळ लागत नाही रे.

१२ नंतर घरच्यांबरोबर जेव, पोरांना घेऊन उन्हात बाहेर पड, दुपारी २ नंतर चहा नको, साडेनऊला अंथरुणात.

नाईटच्या आठवड्यात मुख्य जेवण रात्री १० ला घरीच सगळ्यांसोबत कर, कॅन्टीनमध्ये ३ ला हलकंच खा. तेव्हा भात-रस्सा दाबून खाल्लास तर ४ ला डोळे मिटतात आणि सकाळी ॲसिडिटी.