जपानी मित्राची आई वारली. त्याला जपानीत सांत्वनाचा मेसेज काय पाठवू? काही शब्द दोनदा आले की अपशकुन मानतात म्हणे, ते कोणते?

हे पाठवा: "ओकाआसामा नो गोसेइक्यो नो होओ नि सेश्शि, कोकोरो योरि ओकुयामी मोओशिआगेमासु." म्हणजे, आई गेल्याचं कळलं, मनापासून शोक व्यक्त करतो. पुढे "हेन्शिन वा कि नि शिनाइदे कुदासाइ" जोडा. त्या दिवसांत उत्तर द्यायचं ओझं त्याच्यावर नको.

टाळायचे शब्द म्हणजे कासानेगासाने, ताबिताबि, मासुमासु, इयोइयो, कुरेगुरेमो. जोडशब्द आला की दुःखही पुन्हा येईल, अशी समजूत आहे. माता, फुताताबि, कासानेते यांत जोड नाही, पण अर्थ 'पुन्हा'चाच, म्हणून तेही नकोत.

यातला कुरेगुरेमो सगळ्यांना चकवतो. मी पुण्यात जपानी क्लायंटसाठी भाषांतर करायचो. तिकडच्या एका इंजिनिअरचे वडील गेले, तेव्हा आमच्या टीम लीडने इंग्रजी मजकूर जपानीत करायला दिला. शेवटी होतं, "पुन्हा एकदा शोक व्यक्त करतो, प्रकृतीची फार काळजी घ्या." पहिल्याचं सरळ भाषांतर कासानेते, दुसऱ्याचं "कुरेगुरेमो गोजिआइ कुदासाइ". मी पहिलं वाक्य काढलं आणि दुसऱ्यात कुरेगुरेमोच्या जागी "दोओझो" घातलं. अर्थ तोच राहतो. लीड म्हणाला, "अरे, कुरेगुरेमो तर प्रत्येक मेलच्या शेवटी असतं, पुस्तकातही आहे." असतंच, एरवी. शोकाच्या मेलमध्ये नसतं. त्याने माझा बदल पुसून मेल पाठवला. नेहमीसारखं नम्र आभाराचं उत्तर आलं, तर मला म्हणाला, "बघ, काही झालं नाही."

हा पुरावा मला आजही मान्य नाही. वडील गेलेला माणूस तुमच्या चुका दाखवत बसेल का? "परदेशी माणसाला सगळं माफ असतं" हेही मला पटत नाही. एक शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो?

आई खूप वयाची असली तरी आपल्याकडच्या "सुटल्या बिचाऱ्या"च्या चालीवर काही लिहू नका. तृप्त, दीर्घ आयुष्यानंतरच्या मृत्यूला दाइओओजोओ म्हणतात, पण तो शब्द घरच्यांनी वापरायचा, बाहेरच्यांनी नाही. "हिंमत ठेव, नेटाने कर" अशा अर्थाचं "गानबात्ते"ही नको.

आणि हो, इंटरनेटवर सगळीकडे "गोमेइफुकु ओ ओइनोरि शिमासु", म्हणजे परलोकात त्यांना सुख लाभो अशी प्रार्थना करतो, हे सापडेल. जोदो शिनशू हा मोठा बौद्ध पंथ ते मानत नाही, ख्रिश्चन घरातही ते बसत नाही. घरचा पंथ माहीत नसेल तर ओकुयामीवरच थांबा. अगदी जवळचा, तरुण मित्र असेल तर कुरेगुरेमो कदाचित त्याच्या लक्षातही येणार नाही. पण मेसेज घरातली मोठी माणसंही वाचतात, तेव्हा दोओझोच लिहा.