के-मॅपचे चार कोपरे

F(A,B,C,D) = Σm(0,2,8,10) चं माझं उत्तर A'B'D' + AB'D' आलं. ट्रुथ टेबल जुळतं, तरी मार्क कापले. का?

ट्रुथ टेबल जुळलं म्हणजे उत्तर बरोबर, पण ते सर्वात लहान आहे की नाही, हे टेबल सांगत नाही. तुम्ही दोन-दोनच्या जोड्या केल्यात. हे चारही 1 कोपऱ्यांत आहेत आणि के-मॅपच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या धरतात, म्हणून चौघांचा एकच गट होतो. त्यात A आणि C बदलतात, ते गळतात. उरतं B'D'. चार घरांच्या गटात चारपैकी दोनच चल उरायला हवेत. तुमच्याकडे तीन होते, तिथेच शंका यायला हवी होती.

कोपरे दिसलेच नसतील, तर रकाने 00, 01, 11, 10 याच क्रमाने लिहिलेत ना, तेवढं बघा.