आमची टीम पुणे आणि कॅलिफोर्नियात आहे. सगळ्या मीटिंग आमच्याच रात्री होतात. 'सहकार्य करत नाही' असा शिक्का न बसता मॅनेजरशी हे कसं बोलावं?

बोलायच्या आधी ते इन्व्हाइट उघडून टाइमझोन बघा. बहुतेक America/Los_Angeles निघेल, आणि अर्धं भांडण तिथेच आहे.

आमची मीटिंग तिकडच्या सकाळी नऊला असायची, म्हणजे पुण्यात रात्री साडेनऊ. जेवणं उरकून बसायचं. वाईट, पण चालून जायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. त्यांचे नऊ नऊच राहतात आणि आपले साडेदहा होतात, ते थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. यात कुणी काही ठरवत नाही, कुणी विचारत नाही, कॅलेंडर परस्पर करून टाकतं. साडेअकराला लॅपटॉप मिटला तरी झोप लागायला साडेबारा, आणि मुलीची स्कूलबस सातला.

हे मी आमच्या पुण्यातल्याच मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण तुम्हाला सकाळी उशिरा यायची मुभा आहे ना!" मुभा होती, आणि सकाळी साडेनऊची पुण्याची मीटिंगही त्यानेच लावलेली होती. वर म्हणे, तिकडचे लोक संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवतात, त्यांची पद्धतच आहे तशी. आम्ही काय रात्री साडेदहाला घरच्यांना भाड्याने देतो?

पुढे इन्व्हाइट काढणारा तिकडचा सहकारी दुसऱ्या टीममध्ये गेला. मीटिंगची नवी मालिका मी काढते म्हटलं. कारकुनी कामाला कोण नाही म्हणतंय! वेळ ठेवली रात्री साडेआठ आणि टाइमझोन Asia/Kolkata. तिकडे सकाळी आठ. उन्हाळाभर कुणाला काही जाणवलं नाही. नोव्हेंबर आला तसे आमचे साडेआठ जागच्या जागी राहिले आणि त्यांचे सात झाले. पहिल्याच मीटिंगमध्ये तक्रार आली: इतक्या सकाळी कसं जमणार, मुलांना शाळेत सोडायचं असतं. मी म्हटलं, मागच्या हिवाळ्यात हाच तास आम्ही दिला होता. तिकडच्या मॅनेजरला भारतातली घड्याळं बदलत नाहीत हेच माहीत नव्हतं. आमच्या साहेबांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं! तोवर मी सगळा राग तिकडच्यांवर काढत होते, खरा अडसर बाणेरमध्ये बसला होता.

त्यानंतर पाळी ठरली. एक महिना आमच्या रात्री साडेआठला, पुढचा महिना आमच्या सकाळी साडेसातला. सकाळचे साडेसात म्हणजे त्यांची आदल्या दिवशीची संध्याकाळ, उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात सहा. दोन गावांत साडेबारा-साडेतेरा तासांचं अंतर असलं की एकाची सकाळ ही दुसऱ्याची संध्याकाळ असतेच, त्यामुळे अदलाबदल सोपी जाते. फक्त वार सांभाळा. सकाळच्या पाळीत आपला सोमवार घेतला तर त्यांची रविवार संध्याकाळ जाते, आणि त्यांची शुक्रवार संध्याकाळ घेतली तर आपला शनिवार. मंगळवार ते शुक्रवारच्या आपल्या सकाळीच मीटिंग ठेवा. रात्रीच्या पाळीत शुक्रवार टाळा. त्यांना तो कामाचा दिवस असतो, आपली सुट्टी मात्र एक तास उशिरा सुरू होते.

आता मॅनेजरशी बोलायचं. "दमायला होतं" म्हणू नका, त्यावर उत्तर तयार असतं. एका महिन्याच्या मीटिंगा कागदावर मांडा, प्रत्येकीपुढे दोन्हीकडची स्थानिक वेळ लिहा आणि सकाळी आठच्या आधी किंवा रात्री आठनंतर कोण बसलं तिथे खूण करा. सगळ्या खुणा एकाच रकान्यात दिसल्या की सहकार्य कोण करतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. हा कागद दोन्हीकडच्या मॅनेजरना एकाच मेलमध्ये पाठवा. फक्त इथल्याला दिलात तर तो तिथेच राहील, हे मी लिहून देते.

हो, आमची कंपनी एकच आहे, दोन्हीकडचे तिचेच नोकरदार, म्हणून हे जमलं. सर्व्हिस कंपनीत असाल आणि क्लायंटच्या करारातच ओव्हरलॅपचे तास लिहिलेले असतील, तर पाळी मागून उपयोग नाही. तिथे शिफ्ट अलाउन्स आणि सकाळची मीटिंग रद्द करणं, एवढंच मागा. टीममध्ये लंडनही असेल तर सकाळची पाळी विसरा, आपल्या साडेसातला तिथे मध्यरात्र उलटून हिवाळ्यात दोन आणि उन्हाळ्यात तीन वाजलेले असतात. आणि ऑनकॉलचं भांडण यात मिसळू नका.

आमचे साहेब अजून म्हणतात की पाळीची कल्पना त्यांची होती. त्या मालिकेचं इन्व्हाइट अजून माझ्या नावावर आहे.