निगेटिव्ह मार्किंग आहे, डाऊटवाला प्रश्न मारायचा की सोडायचा?

"मॅडम, आमच्या पेपरला 100 प्रश्न असतात, प्रत्येकाला 4 ऑप्शन, बरोबर आलं तर 2 मार्क, चुकलं तर 2/3 मार्क कट, सोडला तर काहीच नाही. मी 28-30 प्रश्न सोडून येते कारण खात्री नसते. मागच्या मॉकला हिंमत करून 9 डाऊटवाले मारले तर 2च बरोबर आले, 7 चुकले. क्लासचे सर म्हणतात खात्री नसेल तर हात लावू नका, मैत्रीण म्हणते एकही सोडू नकोस. मी नक्की काय करू?"

आधी त्या मॉकचा हिशोब करून टाकू, कारण मला वाटतं तू त्यालाच घाबरलीयेस. 2 बरोबर म्हणजे 4 मार्क आले, 7 चुकले म्हणजे 7 × 2/3, साधारण 4.67 गेले. 9 प्रश्न मिळून नुकसान झालं फक्त 0.67, म्हणजे एका चुकीच्या उत्तराएवढं. अजून एकच बरोबर आला असता तर 6 आले असते आणि 4 गेले असते, म्हणजे 2 मार्कांनी वर असतीस. उत्तरं तपासताना 7 फुल्या दिसतात म्हणून वाटतं की सगळं बुडालं, पण मार्क फुल्यांइतके जात नाहीत, कारण तुझ्या पेपरात एक बरोबर उत्तर तीन चुका भरून काढतं. हे एवढं डोक्यात पक्कं बसव, पुढचं सगळं यावरच आहे.

आता समजा प्रश्नातलं काहीच कळत नाहीये, चारही ऑप्शन सारखेच वाटतायत. असे 4 प्रश्न डोळे मिटून मारले तर सरासरी 1 बरोबर येणार, 3 चुकणार, +2 आणि −2, हातात शून्य. मिळणाऱ्या मार्कांच्या 1/3 कट हा आकडा पेपर काढणाऱ्यांनी मुद्दाम असाच ठेवलेला असतो, की 4 ऑप्शनमध्ये नुसत्या तुक्क्यातून ना फायदा व्हावा ना तोटा. पण तुला एक ऑप्शन नक्की चुकीचा आहे हे माहीत असेल तर गणित लगेच बदलतं. उरलेल्या तीनातून मारलेले असे 3 प्रश्न घे, 1 बरोबर 2 चूक, +2 वजा 1.33, म्हणजे तिघांत मिळून 0.67, प्रत्येकी साधारण 0.22. आणि दोन ऑप्शन उडाले, दोनातच अडकलीयेस, तर 2 प्रश्नांत 1 बरोबर 1 चूक, +2 वजा 0.67, प्रत्येकी 0.67 मार्क. म्हणजे दोनात अडकलेला प्रश्न तू सोडतेस तेव्हा सरासरीने पाऊण मार्काच्या आसपास टेबलावर ठेवून उठतेस.

तू सोडतेस त्या 28 प्रश्नांत समजा 12 असे आहेत जिथे दोनच ऑप्शन उरलेत, 10 असे जिथे तीन उरलेत आणि 6 अगदी कोरे. पहिल्या 12 मधून सरासरी 8 मार्क येतात, त्या 10 मधून 2 च्या थोडं वर, कोऱ्या 6 मधून काही नाही. म्हणजे 10 मार्क. सरांचा नियम पाळलास तर हे 10 जातात, आणि मैत्रिणीचं ऐकून कोरे 6 पण भरलेस तर त्यात सरासरीने काही वाढत नाही.

तुझी भीती मला कळते, की सरासरी ठीक आहे पण माझ्याच दिवशी उलटं झालं तर? म्हणून ते 12 च प्रश्न जरा नीट बघ. 3 बरोबर आले आणि 9 चुकले तरी +6 −6, तू होतीस तिथेच राहतेस. तोटा व्हायला 12 पैकी 2 किंवा त्याहून कमी बरोबर यावे लागतात, आणि खरंच अर्धी-अर्धी शक्यता असेल तर असं होण्याची शक्यता 100 मध्ये 2 एवढीच आहे. तीन ऑप्शनवाल्यांत तोट्याची शक्यता जास्त असते, तिथे 9 पैकी 2 किंवा त्याहून कमी बरोबर येणं 100 मध्ये 37-38 वेळा घडतं, त्यामुळे तुझ्या मॉकमध्ये जे झालं ते कदाचित एवढंच असेल, त्यावरून नियम बनवू नकोस.

पण या सगळ्यात एक अट लपलेली आहे आणि मुलं नेमकी तिथेच फसतात. दोन ऑप्शन उडवले म्हणजे शक्यता 1/2, हे तेव्हाच खरं जेव्हा उडवलेल्यात बरोबर उत्तर नव्हतं. चुकीचे ऑप्शन काही उगाच टाकलेले नसतात, अर्धवट वाचलेल्या माणसाला जे बरोबर वाटेल तेच तिथे ठेवलेलं असतं, त्यामुळे "असंच काहीतरी वाचल्यासारखं वाटतंय" म्हणून तू चुकीचा ऑप्शन ठेवतेस आणि उडवलेलाच कधीकधी उत्तर निघतो. समजा 5 पैकी 1 वेळा तू बरोबर उत्तरच उडवून टाकतेस, तर तुझी खरी शक्यता 1/2 नाही, 0.4 आहे. तरी फायदा होतो, 0.8 वजा 0.4, म्हणजे प्रत्येकी 0.4 मार्क. पण दर दोनात एकदा उडवत असशील तर शक्यता 1/4 वर येते आणि फायदा शून्य, त्याच्याही खाली गेलीस तर डोळे मिटून मारलेलं परवडलं. म्हणून ऑप्शन उडवताना मनात कारण सांगता आलं पाहिजे, हा का चूक ते. कारण नसेल तर तो उडालेला धरू नकोस.

तुझा खरा आकडा किती हे मी इथून सांगू शकत नाही, तुझे मॉक सांगतील. पुढच्या मॉकपासून प्रश्नपत्रिकेवर प्रश्नाशेजारी छोटा आकडा लिही, दोन ऑप्शन उरले तर 2, तीन उरले तर 3, आणि सरावात हे सगळे मारच, सोडू नकोस, नाहीतर माहिती मिळणार कुठून. नंतर 2 वाल्यांत किती बरोबर, 3 वाल्यांत किती बरोबर हे वेगळं लिहून ठेव, शक्यतो विषयानुसार. एका मॉकवरून काही ठरवू नकोस, प्रत्येक गटात 40-50 प्रश्न जमू देत. मग सीमा एकच बघायची, 4 पैकी 1. त्याच्या वर आहेस तो गट मारायचा, खाली असेल तर सोडायचा. बऱ्याच जणांचं असं निघतं की एका विषयात त्यांचा अंदाज चांगला लागतो आणि दुसऱ्यात सारखा फसतो, आणि मग नियमही दोन विषयांना दोन ठेवावे लागतात, त्यात काही चूक नाही.

कोऱ्या प्रश्नांचं वेगळं आहे. त्यांनी सरासरी हलत नाही पण मार्क वरखाली होतात. शेवटच्या पाच मिनिटांत तुला वाटत असेल की आपण कटऑफच्या वर आहोत तर ते सोड, आणि नक्की खाली आहोत असं वाटत असेल तर मारण्यात अर्थ आहे, कारण खाली राहून आहे तिथेच थांबण्याने काही मिळत नाही.

आणि दुसरी कुठलीही परीक्षा देशील तर आधी तिची सीमा काढ: कट होणारे मार्क भागिले (मिळणारे + कट होणारे). तुझ्या पेपरात 2/3 भागिले 2 2/3, म्हणजे 1/4. +4 आणि −1 असेल तर 1/5, तिथे 4 ऑप्शनमधला कोरा प्रश्न मारला तरी सरासरी थोडा फायदाच होतो. पण +1 आणि −1 असेल तर सीमा थेट 1/2 वर जाते, तिथे दोनात अडकलेल्या प्रश्नातूनही काही मिळत नाही, आणि तिथे मात्र तुझ्या सरांचा नियम बराचसा बरोबर ठरतो.