‘कळतंय ना तुला?’ या मेसेजला काय उत्तर द्यावे

“माझ्या मैत्रिणीचे मेसेज हल्ली ‘कळतंय ना तुला मला काय म्हणायचंय’ असे संपतात. मला नेमके कळत नाही, पण तसे लिहिले तर ती दुखावेल अशी भीती वाटते. काय उत्तर देऊ?”

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हीच अडचण होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या धाकट्या भावाने रात्री उशिरा लिहिले होते, “ताई, आता बास झालं. कळतंय ना तुला मला काय म्हणायचंय.” बाईंनी लगेच “हो रे, कळतंय, काळजी करू नकोस,” असे उत्तर दिले, आणि त्यानंतर भाऊ गप्प झाला. जे बोलायला जड जाते ते समोरच्याने ओळखावे, अशी अपेक्षा अशा वाक्यामागे बहुधा असते. पण आपण “हो” म्हटले की त्याला पुढे सांगायला जागा उरत नाही, आणि आपल्या मनातला अर्थ भलताच असू शकतो.

आम्ही दोघींनी मिळून नवे उत्तर लिहिले : “काल मी घाईने ‘कळतंय’ म्हटलं. तू फार थकलायस, एवढं मला कळलं. पण ‘बास झालं’ म्हणजे अभ्यास सोडावासा वाटतोय, की जगणंच नकोसं झालंय, हे कळलं नाही. जे असेल ते सांग, मी रागावणार नाही. आत्ता फोन करू का?” जे कळले ते आधी, जे कळले नाही ते त्याच्याच शब्दावर बोट ठेवून, आणि सर्वांत भीतिदायक अर्थ स्पष्ट शब्दांत, असा हा क्रम आहे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलणे सोपे होते. “तसलं काही नाही ना मनात?” असे मात्र विचारू नये, कारण त्या प्रश्नाला “नाही” हेच उत्तर हवे असते आणि ते समोरच्याला लगेच कळते.

भावाने फोनवर सांगितले की त्याला परीक्षा सोडायची होती, वडिलांना सांगायचे धाडस होत नव्हते, आणि काही रात्री मरण बरे असेही वाटले होते. बाईंनी उपदेश न करता, काही ठरवले आहे का, जवळ काही साधन आहे का, हे विचारले. तसे काही नव्हते. तरीही त्याच्या संमतीने खोलीतल्या मित्राला त्या रात्री सोबत थांबायला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

उत्तर “हो, ठरवलं आहे” असे आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, साधन दूर करावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे आणि काळजीत असलेल्या नातेवाइकांनीही तेथे फोन करावा. मेसेजला उत्तरच आले नाही, तर वाट पाहत न बसता फोन करावा, आणि तोही उचलला नाही तर जवळच्या कुणाला तरी लगेच दारापर्यंत पाठवावे.