मटण सोडलं, पण सुकट चालूच होती: युरिक ॲसिड आणि आपलं खानदेशी ताट

प्रश्न: वय ४६, गाव धुळ्याजवळ. अंगठा सुजला म्हणून तपासलं तर युरिक ॲसिड ८.४ निघालं, डॉक्टर गाऊट म्हणाले. मटण, चिकन, मासे यातलं नेमकं काय कमी करायचं? की सगळंच सोडायचं?

उत्तर:

सगळं सोडायची गरज नाही. मात्र कलेजी-गुर्दा, सुकट आणि रस्सा या तीन गोष्टींचा हिशोब आधी करा. मटणाच्या फोडीचा नंबर त्यानंतर लागतो.

मी जळगाव जिल्ह्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं युरिक ॲसिड रोज मोजतो, आणि गेली सात वर्षं स्वतःचंही मोजतोय. रात्री अडीचला अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला, चादरीचा स्पर्शही सहन होईना. सकाळी मीच माझं रक्त काढलं तर आकडा आला ६.१. म्हटलं, हे काही गाऊट नाही, मुरगळला असेल. चूक तिथेच झाली. ऐन झटक्यात युरिक ॲसिड पुष्कळदा खाली उतरलेलं दिसतं. तीन आठवड्यांनी तपासलं तेव्हा ८.६ होतं. तुमचा ८.४ झटक्यातलाच असेल तर पाय पूर्ण शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या, खरा आकडा त्याहून वर असू शकतो.

आईला कळल्यावर तिचा निकाल तयारच होता, "मटण बंद से ना, मंग सुकट खाय." मी तेच केलं. मटण बंद. आठवड्यातून दोनदा चिकन, आणि तीन-चार वेळा तव्यावर परतलेली सुकट, कांदा-लसूण-हिरवी मिरची घालून, कळण्याच्या भाकरीबरोबर. चार महिन्यांत दोन झटके आले आणि आकडा ८.८ झाला. मटण सोडून वाढला! तेव्हा कुठे मी तक्ते उघडून बसलो.

युरिक ॲसिड बनतं प्युरिनपासून, आणि प्युरिन असतं पेशींच्या आत, डीएनए-आरएनएमध्ये. म्हणून जिथे पेशी दाटीवाटीने असतात आणि जोरात काम करतात तिथे ते जास्त. काळीज, गुर्दा, तिल्ली हे असे अवयव. वजडी त्या मानाने बरीच खाली येते. बारीक मासळी आणि जवळा तर आपण डोक्या-पोटासकट अख्खाच खातो, म्हणजे त्यांचे सगळे अवयव पोटात जातात. शिवाय वाळवलं की पाणी उडतं, प्युरिन मागे राहतं. तेवढ्याच वजनात ते कितीतरी जास्त भरतं.

जपानमध्ये असे तक्ते फार बारकाईने केलेले आहेत. त्यांच्याकडे दिवसाला ४०० मिलिग्रॅम प्युरिनच्या आत राहा असं गाऊटच्या माणसाला सांगतात. १०० ग्रॅममागे मेंढीच्या मटणात साधारण ९५ मिलिग्रॅम, कोंबडीच्या तंगडीत १२० च्या पुढे, छातीच्या मांसात १४० च्या आसपास. कोंबडीच्या काळजात ३०० च्या वर. ताज्या कोळंबीच्या काही जातींत २०० ते २७०. आणि वाळवलेल्या बारीक झिंग्यांत सुमारे ७५०. तो झिंगा आपल्या जवळ्याच्याच कुळातला आहे, म्हणून सुकटीचा अंदाज मी त्यावरून बांधतो. नेटवर दुसरे तक्ते पाहिलेत तर आकडे जुळणार नाहीत, कारण काही तक्त्यांत प्युरिन दिलेलं असतं आणि काहींत त्यापासून बनणारं युरिक ॲसिड. एकच तक्ता धरा, दोन मिसळू नका.

आता माझं ताट घ्या. बायकोने सुकट परतताना मी ती काट्यावर ठेवली. एका माणसाची एका वेळची कोरडी सुकट भरली २५ ग्रॅम, म्हणजे दोन सैलसर मुठी. ७५० च्या हिशोबाने त्यात १८७ मिलिग्रॅम प्युरिन. तेवढंच प्युरिन मटणातून यायला जवळजवळ पावशेराच्या घरात, २०० ग्रॅम मटण लागेल. आणि सुकट मी आठवड्यातून तीन-चारदा खात होतो, तोंडी लावणं समजून. तिला कोणी मटणाच्या पंगतीला बसवतच नाही ना! "आज काही खास नाही, सुकटच केली" असं आपण म्हणतो, आणि तिथेच फसतो.

भिजवल्याने थोडा फरक पडतो. प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून सुकट किंवा सुके बोंबील गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून ते पाणी फेकलं तर काही भाग जातो. सगळा जात नाही. मी आता सुकट महिन्यातून एकदा, भिजवून, चमचाभर चवीपुरती घेतो. झटके वारंवार येत असतील तर मात्र ती काही महिने घरात आणूच नका, कारण परतल्याचा वास सुटला की चमचाभर कुणी खात नाही.

हाच नियम रश्श्यालाही लागतो, आणि इथे मला आपल्या लोकांशी भांडावं लागतं. लग्नात, गटारीला, शेतातल्या पार्टीला एक माणूस हमखास म्हणतो, "मी फोडी नाही घेतल्या, नुसता रस्सा घेतला." मटण शिजताना त्यातलं बरंच प्युरिन पाण्यात उतरतं. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला पडून त्याचा रस्सा होतो. तीन वाट्या रस्सा भाकरीत कुस्करून खाणारा माणूस फोडी न खाताही बरंच काही खाऊन उठतो. आजाऱ्याला अळणी पाणी पाजायची पद्धत आहे, तीही गाऊटमध्ये उलटी पडते. पायाच्या सूपने सांधे सुधारतात हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. गाऊट सांधे झिजून होत नाही, सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून होतो, सूप त्यावर काही करत नाही.

आमच्याकडे तोडगा असा निघाला. मटण भरपूर पाण्यात शिजवायचं, ते अळणी पाणी बाकीच्यांच्या रश्श्याला. माझ्या चार फोडी काढून वेगळ्या, थोड्या तेलावर कांदा-मसाल्यात सुक्या परतायच्या. पहिल्यांदा आईने तोंड वाकडं केलं, आता तीच आठवणीने बाजूला काढते. मटणवाल्याकडून घेतानाही सांगून ठेवलंय की माझ्या वाट्यात काळीज-गुर्दा नको. तो प्रेमाने काळजाचा तुकडा वरून टाकतो, तो परत करणं जिवावर येतं, पण करतो.

चिकनबद्दलही एक गैरसमज काढून टाका. कोलेस्ट्रॉलच्या माणसाला मटणाऐवजी चिकन सांगतात, तोच सल्ला लोक गाऊटला लावतात. वरचे आकडे पाहा, प्युरिनच्या बाबतीत कोंबडी मटणाच्या खाली नाही, वरच आहे. म्हणजे चिकन बंदच करा असं नाही, पण "चिकनच तर आहे" म्हणून दुप्पट वाढून घेऊ नका. मी मटण किंवा चिकन, जे असेल ते आठवड्यातून दोनदा, दर वेळी कच्च्या वजनात १०० ते १२५ ग्रॅम, एवढ्यावर आणलं.

माशांत आपण समुद्रापासून लांब आहोत ते एका अर्थी बरंच आहे. हतनूर-उकईच्या पाण्यातले रोहू-कटला कार्प गटातले, आणि कार्प त्या जपानी तक्त्यात शंभरच्या आसपास आहे, म्हणजे मटणाच्याच पातळीवर. तुकडा तळून किंवा सुका करून चालतो, डोकं आणि गाबोळी दुसऱ्याला द्या. समुद्राची गाडी आली की मोह होतो तो तारली, मांदेली, बांगडा आणि कोळंबीचा. तारली आणि कोळंबीच्या काही जाती दोनशेच्या वर जातात, मांदेली बारीक, अख्खी खायची, म्हणून तीही त्याच रांगेत धरा. बांगडा थोडा खाली. अंड्यात प्युरिन जवळपास नसतंच. जीव मांसाहाराला आसुसला की दोन अंड्यांचा रस्सा करा, कितीही प्या.

डाळी सोडू नका. मोठ्या अभ्यासांत मांस आणि मासळीने गाऊट वाढताना दिसला, डाळी-भाज्यांतल्या प्युरिनने तसा दिसला नाही. दूध-दही तर उलट बाजूने मदत करतं.

एका बसणीतला मारा हा वेगळा विषय आहे. २०१२ मध्ये गाऊटच्या रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला. त्यात दोन दिवसांत सर्वात जास्त प्युरिन खाल्लेल्यांना सर्वात कमी खाल्लेल्यांच्या तुलनेत झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट होता. आठवडाभर शिस्तीत राहून रविवारी कलेजी फ्राय, रस्सा आणि दोन बिअर, हा बेत म्हणूनच सगळ्यात वाईट. बिअरमध्ये स्वतःचं प्युरिन असतं, शिवाय दारूमुळे मूत्रपिंड युरिक ॲसिड बाहेर टाकायचं कमी करतं. त्यात मे महिना आणि ४५ अंश, अंगातलं पाणी आटलेलं. आमच्या लॅबमध्ये सुजलेला पाय घेऊन येणारे लोक मी लग्नसराईत जास्त पाहतो.

आता खरं सांगायचं तर एवढं सगळं करून माझा आकडा ८.८ वरून ७.७ वर आला, तिथेच अडकला. शरीरातलं दोन तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते उरलेलं. खाण्याने साधारण एक अंक उतरतो, नशीब असेल तर थोडा जास्त. आणि पोहोचायचं असतं ६ च्या खाली, कारण ६.८ च्या वर ते रक्तात विरघळलेलं राहत नाही, खडे धरायला लागतं. मला शेवटी रोजची गोळी लागलीच, आता ५.६ वर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गोळीनेही झटके येऊ शकतात, जुने खडे विरघळताना सांधा चिडतो. त्याला घाबरून मी गोळी मध्येच सोडली होती, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

तुम्ही बीपीची गोळी घेता का, ते लिहिलेलं नाही. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कमी डोसची ॲस्पिरिनसुद्धा युरिक ॲसिड चढवते. स्वतःहून बंद करू नका, पण पट्टी घेऊन डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच वेळी क्रिएटिनिनही करून घ्या.